दबलेलं लाकूड, ओलं फडकं

लाकडी टेबलावर खलबत्त्यातला बत्ता पडला की घरात दोन सल्ले ठरलेले असतात. मिस्तरीला बोलवा, तो रंधा मारून सपाट करेल, हा एक. भुसा आणि फेव्हिकॉल कालवून खड्डा भरून टाका, हा दुसरा. दोन्ही सल्ले देणाऱ्यांच्या मनात एकच समजूत असते, की जिथे खड्डा पडला तिथलं लाकूड गेलं. खरं तर ते कुठेही गेलेलं नसतं. जिथे होतं तिथेच, पण कमी जागेत कोंबलेलं असतं. त्याला पाणी आणि वाफ देऊन पुन्हा वर आणता येतं आणि त्यासाठी लागणारं सगळं सामान, म्हणजे सुती फडकं, वाटीभर पाणी आणि इस्त्री, शहाद्यात कुठल्याही घरात सापडतं.

घरातल्या लाकडी सामानाची किरकोळ दुरुस्ती घरच्या घरी कशी करावी, हे सांगणाऱ्या या पुस्तिकेचं पहिलं प्रकरण पोच्यांवर आहे. ते पहिलं असण्याला कारण आहे. डाग, ओरखडे, सैल झालेले सांधे यांची दुरुस्ती थोडी मागेपुढे झाली तरी चालते. पोच्याचं तसं नाही. इथे कामाचा क्रम चुकला, तर सुधारण्याची संधीच हातची जाते. आधी घासलं आणि मग वाफ दिली, तर खड्ड्याच्या जागी टेंगूळ येतं. ते का, हे कळलं की उरलेली कृती पाठ करावी लागत नाही. म्हणून या प्रस्तावनेत कृतीइतकाच वेळ मी कारणांना देणार आहे.

आपल्या भागात हा विषय मुख्यतः सागाचा आहे. सातपुड्यातल्या अक्राणीच्या जंगलांतून उतरणारं इमारती लाकूड पूर्वी तळोद्याच्या बाजारात येई. ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरने तळोद्याची नोंद खानदेशातला मोठा लाकूडबाजार अशी केली आहे आणि खानदेशातल्या सगळ्यांत चांगल्या बैलगाड्या तिथेच बनतात, असंही म्हटलं आहे. शहादा तिथून जवळ. त्यामुळे शहरातल्या आणि आसपासच्या गावांतल्या जुन्या घरांत सागाचे खांब, तुळया, दारं, माडीवरच्या फळ्यांची जमीन आणि दोन पिढ्यांपूर्वीची टेबलं, दिवाण, कपाटं अजून दिसतात. नव्या घरांत प्लायवूड आणि सनमायका आली आहे. ती वेगळी जात आहे. तिच्याबद्दल पुढे सांगतो.

साग मजबूत असतो हे सगळ्यांना माहीत आहे. तो आतून बराचसा रिकामा असतो, हे सहसा लक्षात येत नाही. वाळलेल्या सागाच्या एका घनमीटरचं वजन साधारण ६०० ते ६५० किलो भरतं. ज्या द्रव्याच्या पेशीभिंती बनलेल्या असतात, त्या द्रव्याच्या एका घनमीटरचं वजन मात्र सुमारे १५०० किलो असतं. हिशेब केला तर टेबलाच्या फळीत लाकडाचा खरा ऐवज चाळीस टक्क्यांच्या आसपास निघतो. बाकी सगळी पोकळी. ही पोकळी फळीच्या लांबीच्या दिशेने धावणाऱ्या बारीक नळ्यांची असते. एका मिलिमीटरच्या रुंदीत अशा तीस-चाळीस नळ्या सहज बसतात. बत्ता पडतो तेव्हा वरच्या थरातल्या नळ्या चपट्या होतात. त्यांच्या भिंती दुमडतात, आतली पोकळी मिटते. बहुतेक भिंती तुटत नाहीत. शिसव किंवा बाभूळ सागापेक्षा जड असते, तिच्यात पोकळी कमी असते, म्हणून तेवढ्याच घावाने तिच्यावर उथळ खूण पडते.

दुमडलेल्या भिंती आपोआप सरळ का होत नाहीत? थोड्या होतात. घाव पडल्यावर लगेच लाकूड किंचित परत येतंच. पण मग भिंतींमधलं लिग्निन आड येतं. लाकडाच्या धाग्यांना एकमेकांशी धरून ठेवणारं हे द्रव्य कोरडं असताना ताठ असतं आणि दुमड तशीच अडकवून ठेवतं. भिंतींमध्ये ताण शिल्लक असतो, पण सुटायला वाट नसते. पाणी मुरलं की चित्र बदलतं. ओलं लिग्निन ८० ते १०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान मऊ पडतं, अडकलेला ताण सुटतो आणि नळ्या उघडतात. कोरड्या लाकडात हेच घडवायचं तर कितीतरी जास्त उष्णता लागते आणि तोवर वरचा थर करपतो. नुसती गरम इस्त्री टेकवून पोचा निघत नाही, उलट तपकिरी डाग पडतो, तो यामुळे.

ओलाव्याने लाकूड फुगतं म्हणून खड्डा भरतो, असं पुष्कळ जण सांगतात. हे अर्धवट खरं आहे. अगदी कोरडा साग पाण्याने पूर्ण संपृक्त झाला तरी आडव्या दिशेने जेमतेम सहा टक्के फुगतो. इस्त्रीच्या वाफेने फळीचा वरचा पाचेक मिलिमीटरचा थर भिजला असं धरलं, तरी फुगण्याने मिळतात ते ०.३ मिलिमीटर, आणि लाकूड वाळलं की तेही परत जातात. दीड मिलिमीटर खोल पोचा यातून भरणार नाही. तो वर येतो आणि वाळल्यावरही वरच राहतो, याचा अर्थ काम फुगण्याने झालेलं नाही. मिटलेल्या नळ्या उघडल्या म्हणून ते झालं. हा फरक नीट समजून घ्यावा. काम संपल्यावर घाई का करायची नाही, याचं उत्तर इथेच आहे.

आता एक टेबल घेऊ. शहाद्यातल्या एका घरातलं, सागाच्या २५ मिलिमीटर जाडीच्या फळ्या जोडून केलेलं, वर जुन्या पद्धतीचं लाखेचं पॉलिश. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने थरावर थर चढवलेलं. मधल्या फळीवर बत्त्याच्या टोकाने लंबगोल पोचा पडला आहे. लांबी बोटाच्या पेराच्या निम्मी आणि खोली रुपयाच्या नाण्याच्या जाडीएवढी, म्हणजे दीडेक मिलिमीटर.

पहिलं काम बघण्याचं. दिवे बंद करून टॉर्च टेबलाच्या पातळीवर आडवा धरायचा. सावलीत पोच्याची कड स्पष्ट उठते. ती कड गोलसर, उतरती असेल आणि लाकडाच्या रेषा खड्ड्यातून न तुटता पलीकडे जात असतील, तर लाकूड दबलेलं आहे. कड धारदार असेल, रेषा मध्येच थांबत असतील, नख फिरवल्यावर धागा अडकत असेल, तर तिथे टवका उडाला आहे किंवा धागे कापले गेले आहेत. जे उडालं ते वाफेने परत येत नाही. दोन्ही एकत्र असणंही नेहमीचं आहे. सुरीच्या टोकाने पडलेल्या घावात मधली चीर कापलेली आणि बाजू दबलेल्या असतात. अशा वेळी बाजू वर येतात, चीर बारीक होते, पण रेघ उरते.

आपल्या टेबलावरच्या रेषा अखंड आहेत. आता लाखेचा थर दूर करायचा. तो राहिला तर पाणी आत मुरत नाही. शिवाय लाख ७५-८० अंशांच्या आसपास मऊ पडते आणि वाफ लागली की पांढुरकी होते. पोच्यापुरता आणि भोवती बोटभर भागावरचा थर स्पिरिटमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसून काढावा. स्पिरिट पेट घेतं, तेव्हा हे काम इस्त्री तापवायच्या आधी खिडकी उघडी ठेवून करावं आणि फडकं बाहेर वाळत घालावं. जुन्या टेबलावर मेण किंवा तेल चोळलेलं असेल तर तेही याच वेळी निघालं पाहिजे. सागात मुळातच तेलकट अंश असतो. तो पाण्याला लवकर आत घेत नाही. त्यात वरून तेल असेल तर थेंब नुसता मोत्यासारखा बसून राहतो.

मग पोच्यात गरम पाणी. चमच्याने खड्डा भरेल एवढंच घालायचं आणि दहा-पंधरा मिनिटं राहू द्यायचं, आटलं तर पुन्हा घालायचं. बोअरचं पाणी जड असेल तर ते वाळल्यावर क्षारांचा पांढरा ठसा सोडतं, म्हणून पिण्याचं गाळलेलं पाणी घ्यावं. खूपसे लोक ही पायरी गाळतात आणि थेट इस्त्रीकडे जातात. सागाच्या बाबतीत तरी तसं करू नये. वाफेला आत शिरून काम करायचं आहे आणि लाकूड आतून कोरडं असेल तर तिचा जोर वरच्या पापुद्र्यावरच संपतो. उथळ पोचा कधी कधी या गरम पाण्यानेच वर येतो. नव्या फळीवर हातोडीचा ठोका चुकून बसला तर मिस्तरी त्यावर पाण्याचं बोट फिरवून पुढच्या कामाला लागतो आणि पॉलिश पेपर मारायची वेळ येईपर्यंत खूण गेलेली असते.

फडकं पांढरं, सुती, बिनछपाईचं हवं. जुनं धोतर उत्तम. टेरिकॉट इस्त्रीला चिकटतं, रंगीत कापड वाफेत रंग सोडतं. ते भिजवून पाणी ठिबकणार नाही इतपत पिळायचं, दोन किंवा तीन पदरी करून पोच्यावर ठेवायचं. इस्त्रीचा खटका सुतीवर. तिथे तिचा तळ २०० अंशांच्या आसपास तापतो, लाकूड करपवायला पुरेसा. पण फडक्यात जोवर पाणी आहे तोवर त्याखालचं तापमान १०० अंशांच्या फारसं वर जाऊ शकत नाही, कारण येणारी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. ओलं फडकं असं दोन कामं करतं: वाफ पुरवतं आणि उष्णतेला लगाम घालतं. फडकं वाळलं की लगाम सुटला. हे कानाला कळतं. इस्त्रीचं टोक टेकताच चर्र असा आवाज येतो, पाच-सात सेकंदांत तो बारीक होत जातो. आवाज थांबायच्या आत इस्त्री उचलायची. डोळ्यांपेक्षा इथे कानावर विसंबावं, कारण फडक्याखालचं काही दिसत नाही.

इस्त्रीचं फक्त टोक वापरायचं आणि तेही पोच्याच्या मध्यावर. सगळा तळ टेकवला तर भोवतालच्या पॉलिशचा नाहक बळी जातो. दाब देऊ नये. मऊ पडलेल्या लाकडावर आपणच जोर दिला तर ते वर यायचं कसं? उचलल्यावर फडकं बाजूला करून बोट फिरवावं, टॉर्च आडवा धरून बघावं, पोच्यात पुन्हा थोडं पाणी घालावं, फडक्याची नवी ओली घडी ठेवावी आणि पुन्हा टोक टेकावं. पहिल्या एक-दोन वेळांत उठाव डोळ्यांना दिसतो, नंतर तो मंदावतो. आपल्या टेबलाचा पोचा सपाटीला आला आणि मधला भाग केसभर वर आला, की थांबायचं. आणखी काही फेऱ्यांत काहीच हलत नसेल तरीही थांबायचं. तिथे भिंती दुमडण्यापलीकडे जाऊन तुटल्या आहेत आणि जास्त वाफेने फक्त भोवतालचं लाकूड खरखरीत होईल.

वाफ सोडणारी नवी इस्त्री या कामाला बरी का, असं विचारलं जातं. ती चालते, पण तिची वाफ तळाच्या सगळ्या भोकांतून पसरते आणि नेमकी हवी तिथे जात नाही. साधी इस्त्री आणि ओलं फडकं हीच जोडी मला पसंत आहे. वीज नसेल तर लॉन्ड्रीवाल्याची कोळशाची इस्त्रीही काम करते. तिला खटका नसतो आणि ती जड असते. तेव्हा फडक्याचे पदर वाढवावेत आणि वजन हातात तोलून धरावं.

आता थांबण्याचा भाग. वर आलेला मधला उंचवटा पाहून हात लगेच पॉलिश पेपरकडे जातो. तिथे आवरावं. हा केसभर उंचवटा म्हणजे वर हिशेब केलेलं फुगणं आहे. लाकूड वाळेल तसा तो बसेल. ओलं असतानाच घासून सपाट केला तर चार दिवसांनी तिथे उथळ खळगा उरतो आणि तो आता खरा खळगा असतो, कारण तिथलं लाकूड आपणच काढून टाकलेलं असतं. किती थांबायचं हे ऋतूवर आहे. एप्रिल-मेमध्ये शहाद्याचा पारा चाळिशीपार जातो, हवा कोरडी असते आणि लाकडातला ओलावा ४-५ टक्क्यांपर्यंत उतरतो. तेव्हा एक दिवस पुरतो. श्रावणात तेच लाकूड हवेतून १५ टक्क्यांच्या वर ओलावा धरून बसतं, तेव्हा तीन-चार दिवस द्यावेत. पंख्याखाली ठेवलं तर चालेल, उन्हात ठेवू नये. एका बाजूने झपाट्याने वाळणारी फळी वाकते.

वाळल्यावर वाफेने उभे राहिलेले बारीक धागे हाताला खरखर लागतात. २२० नंबरचा, मग ३२० नंबरचा पॉलिश पेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेने, अगदी हलक्या हाताने फिरवायचा. मग पुन्हा लाखेचे पातळ थर. एका जागेचं पॉलिश भोवतालच्या जुन्या पॉलिशशी जुळवणं हा या कामातला सगळ्यांत कष्टाचा भाग आहे आणि त्याला पुस्तिकेत स्वतंत्र प्रकरण दिलं आहे.

सुरुवातीला टेंगळाचा उल्लेख केला होता. मिस्तरीने पोचा न उठवता भोवतालचं लाकूड रंध्याने उतरवून सपाट केलं, तर त्या दिवशी टेबल सुंदर दिसतं. पण पोच्याखाली चपट्या झालेल्या नळ्या तशाच ताण धरून असतात. त्या टेबलावर कधी ओलं भांडं राहिलं, कुणी गरम पातेलं टेकवलं, की त्या उघडतात आणि सपाट जागेवर उंचवटा उभा राहतो. घरात कुणालाच कळत नाही की हे आलं कुठून. जपानी कोरीवकाम करणाऱ्यांनी याच गोष्टीचं तंत्र बनवलं. नेत्सुके नावाच्या लहान शिल्पांवर उठावाची अक्षरं किंवा बेडकाच्या पाठीवरचे फोड करायचे असतील, तर ते बोथट हत्याराने लाकूड आधी दाबतात, मग भोवतालचा भाग दाबलेल्या तळापर्यंत कोरून उतरवतात आणि शेवटी गरम पाणी लावतात. दाबलेले ठिपके वर येतात. या तंत्राला उकिबोरी म्हणतात. त्यांनी जे मुद्दाम केलं ते आपल्या टेबलावर नकळत घडतं. म्हणून आधी वाफ, मग वाळवण आणि शेवटी घासणं. मिस्तरीला बोलावलंच असेल तर रंध्याला हात लावण्याआधी त्याला एवढं सांगावं.

आता हा उपाय जिथे चालत नाही त्या जागा. सनमायका लावलेलं टेबल: तिथे वरचा थर लाकडाचा नाहीच. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड: पाण्याने फुगतात आणि फुगलेलेच राहतात. विनीर लावलेलं प्लायवूड: वरचा लाकडी पापुद्रा अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ असतो आणि गरम वाफेने खालचा गोंद सुटून तिथे फुगा येऊ शकतो. दिसायला सगळं सागासारखंच असतं. ओळखायचं तर टेबलाची कड बघावी. वरच्या पृष्ठभागाची रेषा कडेवरून खाली उतरत असेल तर फळी अखंड आहे. कडेला पट्टी चिकटवलेली असेल तर इस्त्री बाजूला ठेवावी. अखंड फळीतही कडेच्या कोपऱ्यावरचा आणि फळीच्या टोकावरचा घाव फारसा वर येत नाही, कारण तिथे नळ्या लांबीच्या दिशेने चिरडल्या जातात. आडवी चेपलेली नळी उघडते, उभी चिरडलेली नळी घडी पडून मोडते.

मेलामाईन किंवा पीयू पॉलिशवरचा पोचा हा अवघड प्रसंग. ही पॉलिशं स्पिरिटने निघत नाहीत आणि पाण्याला आत जाऊ देत नाहीत. अतिशय बारीक सुईने पोच्यात लाकडाच्या रेषांवरच काही छिद्रं पाडून त्यांतून पाणी मुरवण्याची पद्धत आहे. उथळ पोच्यांवर ती चालतेही, पण उष्णतेने पॉलिशचा थर पांढरा पडण्याचा किंवा उचलला जाण्याचा धोका राहतो. समोरच्या बाजूच्या मोठ्या पृष्ठभागावर हे करण्याआधी टेबलाच्या खालच्या बाजूला, जिथे तेच पॉलिश आहे तिथे, करून बघावं.

राहिली जमीन. जुन्या घरांच्या माडीवर सागाच्या फळ्यांची तक्तपोशी असते आणि तिच्यावर खाटेच्या पायांचे, धान्याच्या कोठ्यांचे, पडलेल्या वरवंट्याचे पोचे असतात. कृती टेबलाचीच, पण तीन गोष्टी वेगळ्या. फळ्यांच्या फटींतून पाणी खाली उतरतं, म्हणून फटीजवळच्या पोच्यात ते ओतू नये, फडक्यानेच टिपून द्यावं. फळ्या लोखंडी खिळ्यांनी ठोकलेल्या असतात आणि ओलं लाकूड व लोखंड एकत्र आलं की खिळ्याभोवती काळा डाग पडतो. बाभळीच्या लाकडात टॅनिन भरपूर असतं, तिथे हा डाग हटकून आणि गडद पडतो. खिळ्याला लागून असलेला पोचा म्हणून तसाच ठेवलेला बरा. आणि तिसरं, जमिनीवरच्या जुन्या पोच्यात वर्षानुवर्षांचं तेल, मेण आणि धूळ दाबून बसलेली असते. ती स्पिरिटने आणि दाताच्या जुन्या ब्रशने खरवडून काढल्याशिवाय पाणी मुरत नाही. खाटेच्या चार पायांखालचे चार पोचे उठवायला घेतले आणि त्यांतला एकच पूर्ण वर आला, बाकीचे अर्ध्यावर थांबले, तर खाट परत त्याच जागी ठेवताना पायांखाली लाकडाच्या रुंद चकत्या द्याव्यात, म्हणजे तेच वजन मोठ्या जागेवर पसरतं.